साडेदहाची वेळ दोघांना कशी मिळते?

सलूनच्या बुकिंग साइटला ग्राहक, सेवा आणि कर्मचारी अशी तीन टेबलं लागतातच. ग्राहकाचं नाव आणि मोबाइल नंबर एकाच ओळीत ठेवायचा आणि बाकी सगळीकडे त्या ओळीचा क्रमांक वापरायचा. पण कोणता कर्मचारी कोणतं काम करतो, हे त्याच्या ओळीत 'कटिंग, कलर, फेशियल' असं सलग लिहू नये. कलर कोण कोण करतं, हे मग शोधत बसावं लागतं. त्यासाठी चौथं, जोडणारं टेबल करावं. त्याच्या प्रत्येक ओळीत एक कर्मचारी आणि एक सेवा, एवढंच.

गोची होते ती वेळेची. बरेच जण दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे स्लॉट पाडून त्यांचंच टेबल करतात. मग दीड तासाच्या कलरसाठी तीन स्लॉट अडवायचे आणि बुकिंग रद्द झालं की तिन्ही आठवणीने सोडायचे. माझ्या मते बुकिंगच्या ओळीतच सुरुवात आणि शेवट लिहावा. मोकळ्या वेळा दर वेळी ड्युटीच्या तासांतून झालेली बुकिंगं वजा करून काढाव्यात.

समजा, क्रमांक 4 च्या कर्मचाऱ्याकडे 10 ते 11:30 कलर आहे आणि कुणी तरी साडेदहाचं कटिंग मागितलं. 'एका कर्मचाऱ्याची एकच सुरुवातीची वेळ दोनदा नको' हा नेहमीचा नियम इथे फसतो, कारण 10 आणि 10:30 या वेळा वेगळ्या आहेत. तपासायचं असतं ते असं: नवं काम जुनं संपण्याआधी सुरू होतं का आणि जुनं काम नवं संपण्याआधी सुरू होतं का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर वेळा एकमेकींवर चढतात.

ही तपासणी फक्त साइटच्या कोडमध्ये असली, तर दोन ग्राहकांनी एकाच क्षणी बटण दाबल्यावर दोघांनाही वेळ मोकळी दिसते आणि दोन्ही बुकिंगं नोंदली जातात. म्हणून नियम डेटाबेसवरच सोपवावा. पोस्टग्रेसमध्ये `btree_gist` हे एक्स्टेन्शन चालू करून बुकिंगच्या टेबलला तो असा लावता येतो:

```sql
EXCLUDE USING gist (
  staff_id WITH =,
  tstzrange(starts_at, ends_at) WITH &&
) WHERE (status <> 'cancelled')
```

कर्मचारी तोच आणि वेळ एकमेकींवर चढणारी, अशी दुसरी ओळ डेटाबेस घेतच नाही. 11:30 ला संपणारं आणि 11:30 ला सुरू होणारं काम मात्र चालतं, कारण शेवटचा क्षण त्या वेळेत धरला जात नाही. रद्द झालेलं बुकिंग वेळ अडवत नाही, तरी त्याची नोंद राहते.

ठरलेला दरसुद्धा बुकिंगच्या ओळीत उतरवून घ्यावा. तो सेवेच्या टेबलातूनच वाचला, तर कलर 800 चं 900 झाल्या दिवशी मागच्या महिन्याची बिलंही बदललेली दिसतील. शेवटची वेळही अशीच नोंदवलेली असावी; नाहीतर सेवेचा कालावधी वाढवला की आधी घेतलेली बुकिंगं एकमेकांवर सरकतात.