शेळ्यांसाठी रोज एक ओळ सुबाभूळ

सुबाभळीच्या शेंगा पिकून तडकल्या की बांधाबांधावर रोपं उगवतात. त्यामुळे बऱ्याच शेतकऱ्यांनी या झाडाला तणाच्या यादीत टाकलं आहे. 1970च्या दशकात उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने मणिभाई देसाईंच्या काळात हवाई बेटांवरची उंच वाढणारी सुबाभूळ चाऱ्यासाठी पुढे आणली, तेव्हा तिचं मोठं कौतुक झालं होतं. कौतुक आणि राग, दोन्हींना कारणं आहेत. पाल्यात शेकडा वीस ते पंचवीस भाग प्रथिनं असतात. त्याच पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्यही असतं. म्हणून किती झाडं लावायची हे ठरवण्याआधी शेळीला किती पाला चालतो, ते पाहायला हवं.

तीस किलो वजनाची उस्मानाबादी शेळी पाण्याचा अंश सोडून दिवसाला साधारण सव्वा किलो चारा खाते. सुबाभळीचा वाटा त्याच्या एक तृतीयांशावर जाऊ नये. म्हणजे हिरवा पाला आणि कोवळे डहाळे मिळून सव्वा किलो. उरलेली भूक कडबा, गवत आणि तुरीच्या भुसकटाने भागवायची. ज्या शेळीने हा पाला कधी खाल्लेला नाही, तिला पावशेरापासून सुरुवात करून दोन आठवड्यांत पूर्ण मापावर आणावं.

प्रमाण फार दिवस जास्त राहिलं, तर आधी अंगावरची चमक जाते, मग केस झडू लागतात. लाळ गळते, खाणं मंदावतं, वजन उतरतं. मिमोसिनपासून पोटात तयार होणारं द्रव्य गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं काम बिघडवतं, त्यामुळे गाठ सुजते आणि गाभण शेळीला अशक्त करडं होऊ शकतात. अशी लक्षणं दिसताच पाला बंद करून पशुवैद्यकाला दाखवावं. लहान करडांचं रवंथाचं पोट अजून तयार झालेलं नसतं, म्हणून त्यांना हा पाला नकोच.

या बाबतीत हवाईच्या शेळ्यांची गोष्ट मोठी मजेची आहे. त्या सुबाभूळ भरपूर खात आणि तरी ठणठणीत राहत. ऑस्ट्रेलियाचे संशोधक रेमंड जोन्स यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडून दाखवले आणि तिथला त्रास कमी झाला. त्यातल्या एका जिवाणूला पुढे जोन्स यांचंच नाव मिळालं. पण आपल्या गोठ्यातल्या शेळीच्या पोटात तो आहे की नाही, हे वरून कळत नाही. तेव्हा एक तृतीयांशाचं माप सोडू नये.

आता दहा शेळ्यांचा हिशेब. रोज बारा किलो पाला लागेल. पाण्याची सोय असलेल्या, दाट लावलेल्या झाडापासून एका छाटणीला तीनशे ग्रॅम खाण्याजोगा पाला धरला, तर रोज चाळीस झाडं छाटावी लागतील. दोन झाडांत अर्धा मीटर ठेवलं, तर चाळीस झाडांची ओळ वीस मीटरची होते. एकेक मीटरवर अशा साठ ओळी केल्या की बारा गुंठ्यांत 2,400 झाडं बसतात. रोज एक ओळ छाटत गेलं, तर साठाव्या ओळीपर्यंत पोचता पोचता पहिली पुन्हा फुटलेली असते. कोरडवाहू जमिनीत उन्हाळ्यात फूट मंदावते, तिथे जागा याच्या दुप्पट धरलेली बरी. पाणी साचणारी जमीन आणि कोकणातली आम्लधर्मी जांभी माती या झाडाला मानवत नाही.

बियांचं कवच टणक असतं. उकळलेलं पाणी चुलीवरून उतरवून जरा निवू द्यावं, त्यात बी तीन-चार मिनिटं ठेवून मग रात्रभर थंड पाण्यात भिजवावं आणि पावसाच्या सुरुवातीला दोन सेंटिमीटर खोल टोकावं. रोपं पहिले दोन-तीन महिने हळू वाढतात. तेवढ्यात तण त्यांना झाकून टाकतं, म्हणून खुरपणी चुकवता येत नाही. कुंपणही हवंच, कारण शेळ्या आत शिरल्या तर कोवळे शेंडे खातात आणि साल सोलतात.

पहिल्या छाटणीची घाई बहुतेकांना नडते. झाड छातीएवढं वाढून खोड अंगठ्याएवढं जाड व्हायला सहा ते नऊ महिने लागतात. त्याआधी कापलं तर मुळं दुबळी राहतात आणि फूट कमी येते. कापणी धारदार कोयत्याने जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर करावी, खोड चिरू देऊ नये. डहाळ्यांच्या पेंढ्या गोठ्यात शेळीच्या तोंडाच्या उंचीवर टांगल्या की पाला पायदळी जात नाही.

पावसाळ्यात फूट जोरात येते आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांतच ओळ पुन्हा तयार होते. अशा वेळी रोज दीड ओळ छाटावी. या वेगाने शेंगा पिकायला वेळच मिळत नाही, त्यामुळे तणाची तक्रारही बरीचशी मिटते. जास्तीचा पाला उघडीप मिळेल तसा ताडपत्रीवर सावलीत वाळवावा. सुकलेल्या डहाळ्या झोडपल्या की पानं गळून ताडपत्रीवर पडतात, ती पोत्यात भरून एप्रिल-मेसाठी ठेवता येतात. वाळलेल्या पाल्यालाही तोच एक तृतीयांशाचा नियम लागतो, म्हणजे तीस किलोच्या शेळीला दिवसाला चारशे ग्रॅम.