पर्ट तंत्रातील त्रिबिंदू अंदाज व अपेक्षित कालावधी

ज्या प्रकल्पातील कामांना नेमका किती वेळ लागेल हे आधी निश्चित सांगता येत नाही, अशा प्रकल्पाच्या कालावधीचा अंदाज प्रत्येक कामासाठी एकाऐवजी तीन मुदती विचारात घेऊन बांधण्याच्या पद्धतीस त्रिबिंदू अंदाजपद्धती म्हणतात. ही पद्धत ‘पर्ट’ (प्रकल्प मूल्यमापन व पुनर्विलोकन तंत्र) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जालक-विश्लेषणाचा पाया होय. अमेरिकेच्या नौदलाने पाणबुडीवरून सोडावयाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पासाठी १९५८ मध्ये हे तंत्र विकसित केले. त्या प्रकल्पातील पुष्कळशी कामे पूर्वी कोणीच केलेली नसल्यामुळे त्यांच्या मुदतीसाठी मागील अनुभवाचा आधार उपलब्ध नव्हता. म्हणून प्रत्यक्ष काम करणाऱ्या अभियंत्यांकडून प्रत्येक कामाच्या तीन मुदती मागविण्यात आल्या.

यांपैकी आशावादी मुदत (a) म्हणजे सर्व काही अनुकूल घडल्यास लागणारा वेळ. सर्वसंभाव्य मुदत (m) म्हणजे तेच काम अनेकदा केल्यास बहुतेक वेळा लागणारा वेळ आणि निराशावादी मुदत (b) म्हणजे बहुतेक अडचणी एकदम उद्भवल्यास लागणारा वेळ होय. निराशावादी मुदतीत भूकंप वा महापूर यांसारख्या असाधारण आपत्ती धरीत नाहीत. या तिन्हींवरून कामाचा अपेक्षित कालावधी (tₑ) व प्रमाण विचलन (σ) पुढील सूत्रांनी काढतात :

tₑ = (a + 4m + b) / 6

σ = (b − a) / 6

प्रमाण विचलनाच्या वर्गास प्रचरण म्हणतात. कामाचा वेळ दोन्ही टोकांना मर्यादित आणि एकाच शिखराच्या बीटा वंटनानुसार बदलतो, असे येथे गृहीत धरलेले असते. एकशिखरी वंटनाचा बहुतेक सर्व विस्तार माध्याच्या दोन्ही बाजूंस मिळून सुमारे सहा प्रमाण विचलनांत सामावतो, या समजुतीवरून σ च्या सूत्रात ६ ने भागतात. पहिले सूत्र हे बीटा वंटनाच्या माध्याचे सोयीस्कर आसन्न रूप आहे. कामे लांबण्याची शक्यता लवकर संपण्याच्या शक्यतेपेक्षा सहसा अधिक असते. अशा वेळी b हे m पासून a पेक्षा दूर असते व tₑ हा m पेक्षा मोठा येतो.

उदाहरणादाखल एका गावाच्या पाणीपुरवठ्यासाठी पंपघर बांधणे व तेथपर्यंत नळ टाकणे हा प्रकल्प घेऊ. घटना १ हा प्रारंभ आणि घटना ५ हा शेवट आहे. घटना ४ ला दोन मार्ग एकत्र येतात : एक पंपघराचा (१–२–४) व दुसरा नळमार्गाचा (१–३–४). दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय पंप बसविता येत नाही. सर्व मुदती दिवसांत आहेत.

| क्रिया | काम | a | m | b | tₑ | σ | प्रचरण |
|---|---|---|---|---|---|---|---|
| १–२ | पाया खणून भरणे | ४ | ७ | १६ | ८ | २ | ४ |
| १–३ | नळासाठी चर खणणे | ५ | ८ | ११ | ८ | १ | १ |
| २–४ | भिंती व छप्पर | ६ | ९ | १८ | १० | २ | ४ |
| ३–४ | नळ टाकून जोडणे | २ | ८ | २० | ९ | ३ | ९ |
| ४–५ | पंप बसवून चाचणी | ६ | ९ | १२ | ९ | १ | १ |

पहिली पायरी : प्रत्येक क्रियेचे tₑ व σ काढावे. उदा., क्रिया १–२ साठी tₑ = (४ + ४ × ७ + १६) / ६ = ४८ / ६ = ८ दिवस आणि σ = (१६ − ४) / ६ = २ दिवस. काढलेला tₑ हा a व b यांच्या दरम्यान येत नसेल, तर आकडेमोडीत चूक आहे असे समजावे.

दुसरी पायरी : अपेक्षित कालावधींवरून क्रांतिक मार्ग, म्हणजे सर्वांत लांब मार्ग, शोधावा. मार्ग १–२–४–५ चा कालावधी ८ + १० + ९ = २७ दिवस व मार्ग १–३–४–५ चा ८ + ९ + ९ = २६ दिवस आहे. म्हणून पहिला मार्ग क्रांतिक ठरतो. केवळ m ची बेरीज केली असती, तर दोन्ही मार्ग २५ दिवसांचेच दिसले असते.

तिसरी पायरी : क्रांतिक मार्गावरील क्रियांच्या प्रचरणांची बेरीज करून तिचे वर्गमूळ घ्यावे. ४ + ४ + १ = ९; म्हणून प्रकल्पाचे प्रमाण विचलन ३ दिवस. येथे विद्यार्थ्यांकडून वारंवार होणारी चूक म्हणजे प्रमाण विचलनांचीच बेरीज (२ + २ + १ = ५) करणे ही होय. परस्परांवर अवलंबून नसलेल्या क्रियांची प्रचरणे मिळविता येतात, विचलने नव्हेत. कारण एका कामातील उशीर दुसऱ्या कामातील लवकर पूर्ततेने अंशतः भरून निघतो. क्रांतिक मार्गाबाहेरील क्रियांची प्रचरणे या बेरजेत घेत नाहीत.

चौथी पायरी : दिलेल्या मुदतीत (Tₛ) प्रकल्प पूर्ण होण्याची संभाव्यता काढावी. मार्गाचा एकूण कालावधी प्रसामान्य वंटनानुसार बदलतो असे धरून Z = (Tₛ − Tₑ) / σ ही किंमत काढतात व कोष्टकात पाहतात. येथे Tₑ हा क्रांतिक मार्गाचा अपेक्षित कालावधी व σ हे त्याचे प्रमाण विचलन होय. मुदत ३० दिवसांची असल्यास Z = (३० − २७) / ३ = १ व संभाव्यता ०·८४१३, म्हणजे सु. ८४ टक्के येते. उलट, ९५ टक्के खात्रीची मुदत हवी असल्यास Z = १·६४५ घेऊन २७ + १·६४५ × ३ = ३१·९, म्हणजे सु. ३२ दिवस मिळतात. सर्वसंभाव्य मुदतींच्या बेरजेने येणाऱ्या २५ दिवसांसाठी Z = −०·६७ असून संभाव्यता जेमतेम २५ टक्के आहे. प्रत्येक कामाची ‘नेहमीची’ मुदत धरून केलेले वेळापत्रक बहुधा का चुकते, याचे एक कारण यात दिसते.

परीक्षेतील उत्तर येथे संपते. परंतु ८४ टक्के हा आकडा प्रत्यक्षापेक्षा अधिक आशावादी आहे. नळमार्गाचा मार्ग केवळ एका दिवसाने आखूड आहे आणि त्याचे प्रचरण १ + ९ + १ = ११, म्हणजे क्रांतिक मार्गापेक्षा अधिक आहे. त्यावरून ३० दिवसांत तो पूर्ण होण्याची संभाव्यता (Z = ४ / ३·३२ = १·२१) सु. ८९ टक्के येते. प्रकल्प वेळेवर संपण्यासाठी दोन्ही मार्ग वेळेवर संपले पाहिजेत. शेवटची क्रिया दोहोंना समान आहे हे विचारात घेतले, तर एकत्रित संभाव्यता सु. ७५ टक्केच भरते. घटना ४ ला दोहोंपैकी उशिरा संपणाऱ्या मार्गाची वाट पाहावी लागत असल्याने, मार्गांची वंटने प्रसामान्य धरल्यास, प्रकल्पाचा खरा अपेक्षित कालावधीही २७ नसून सु. २८·२ दिवस येतो. मार्ग जेथे मिळतात तेथे उद्भवणारा हा दोष पर्टच्या साध्या गणितात नेहमी एकाच दिशेने, म्हणजे मुदत कमी दाखविण्याकडे झुकतो. दुसऱ्या मार्गाची लांबी क्रांतिक मार्गाच्या जवळपास असून त्याचे प्रचरण मोठे असेल, तर तो दोष दुर्लक्षणीय राहत नाही. अशा वेळी प्रत्येक मार्गाचा Z स्वतंत्रपणे काढून पाहणे किंवा संगणकावर यदृच्छ संख्यांच्या साहाय्याने संपूर्ण जालकाची पुनःपुन्हा नक्कल करणे हा उपाय आहे.

क्रिया परस्परांवर अवलंबून नसतात, हे गृहीतही तपासून घ्यावे लागते. वरील उदाहरणात पाऊस आल्यास पाया व चर या दोन्ही कामांना एकदमच उशीर होईल. तसेच पाया व भिंती यांची कामे एकच गवंडी करीत असल्यास पहिल्या कामातील संथपणा दुसऱ्यातही उतरेल. अशा स्थितीत एका कामातील उशीर दुसऱ्याने भरून निघत नाही आणि मार्गाचे प्रमाण विचलन सूत्राने आलेल्या ३ दिवसांहून मोठे असते.