रॅमचा रिकामा स्लॉट गेमिंग लॅपटॉपचे आयुष्य किती वाढवतो?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांत २०२१-२२ च्या सुमारास अनेक घरांत मुलांसाठी गेमिंग लॅपटॉप घेतले गेले. कंपनी कोणतीही असो, त्या वेळच्या परवडणाऱ्या लॅपटॉपची घडण साधारण एकच होती: बऱ्यापैकी चांगला प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि ४ जीबी मेमरीचे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. ॲसरचा नायट्रो ५ आणि असूसचा टफ या मालिकांत अशी मॉडेल भरपूर विकली गेली. विकताना दुकानदार सांगायचे, "रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे, पुढे वाढवता येईल."

आता गेम अडखळू लागले आहेत आणि तो रिकामा स्लॉट आठवतो. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर रॅम घ्यायला जाण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अडखळण्याची कारणे तीन-चार असतात आणि स्लॉट त्यांपैकी दोनच दूर करू शकतो. आपल्या लॅपटॉपचे कारण कोणते, हे पैसे खर्च करण्याआधी घरबसल्या कळू शकते.

गैरसमज : रॅम वाढवली की ग्राफिक्सची मेमरीही वाढते

हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे, आणि विंडोजच त्याला खतपाणी घालते. ८ जीबीचा लॅपटॉप १६ जीबीचा केला आणि टास्क मॅनेजरमध्ये `Performance` खाली ग्राफिक्स कार्ड उघडले, तर `GPU Memory` समोर कार्डाच्या ४ ऐवजी जवळजवळ १२ जीबी असा आकडा दिसतो. आपले कार्ड तिप्पट झाले असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यातले ४ जीबीच कार्डाचे स्वतःचे असतात आणि ते `Dedicated GPU memory` या नावाखाली दिसतात. उरलेले `Shared GPU memory` म्हणजे साध्या रॅमचा निम्मा भाग. कार्डाची स्वतःची जागा संपली तर विंडोज तो त्याला उसना देते.

उसन्या जागेची अडचण वेगाची आहे. जीटीएक्स १६५० स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला १२८ ते १९२ जीबी माहिती उचलते. लॅपटॉपच्या रॅममधून तीच माहिती आणायची तर ती मदरबोर्डवरच्या जोडणीतून येते आणि तिथे हा वेग फार तर १६ जीबी असतो. गेममधल्या भिंती, कपडे, रस्ते यांची चित्रे म्हणजे टेक्श्चर ४ जीबीत मावेनाशी झाली की गेम बंद पडत नाही, पण कॅमेरा वळवला की झटका बसतो, किंवा समोरची भिंत दोन-तीन सेकंद मेणासारखी गुळगुळीत दिसते आणि मग तिच्यावर विटा उमटतात.

हे ओळखायला सोपे आहे. गेम चालू असताना `Dedicated GPU memory` ४ जीबीच्या काठावर अडकलेली असेल आणि `Shared` चढत असेल, तर रॅमची नवी स्टिक या दुखण्यावर औषध नाही. गेमच्या सेटिंगमध्ये टेक्श्चरची पातळी एक-दोन पायऱ्या उतरवली की बहुतेक वेळा झटके थांबतात. ग्राफिक्सची चिप आणि तिची मेमरी अशा लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरच डागलेली असते, तिथे बदलायला स्लॉट नसतो.

लॅपटॉपच्या गेमिंग आयुष्याची शेवटची तारीख म्हणून हे कार्डच ठरवते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ मधला 'डूम : द डार्क एजेस' या दोन्ही गेमना रे ट्रेसिंग करणारे आणि ८ जीबी मेमरीचे कार्ड किमान लागते. जीटीएक्स १६५० मध्ये रे ट्रेसिंगची यंत्रणाच नाही. लॅपटॉपमध्ये ६४ जीबी रॅम भरली तरी या गेमसाठी तो अपात्रच राहतो.

मग रॅम टाकून काहीच होत नाही?

होते, आणि ८ जीबीच्या लॅपटॉपमध्ये तर चांगलेच होते. विंडोज ११, ब्राउझरचे चार टॅब आणि डिस्कॉर्ड इतके चालू ठेवले तरी ८ पैकी ४-५ जीबी तिथेच जातात. 'सायबरपंक २०७७' ची किमान गरज २०२३ मध्ये १२ जीबी झाली आणि त्याच वर्षी आलेल्या 'स्टारफिल्ड' ने किमान १६ जीबी मागितले. रॅम पुरली नाही की विंडोज जास्तीची माहिती एसएसडीवरच्या पेजफाइलमध्ये टाकते आणि लागेल तशी परत ओढते. एसएसडी कितीही चांगली असली तरी रॅमपुढे ती फार संथ आहे, त्यामुळे गेम क्षणभर गोठतो.

याची खूण वेगळी आहे. टास्क मॅनेजरमध्ये `Memory` ९०-९५ टक्क्यांवर दिसते आणि गेम गोठतो त्याच क्षणी `Disk` ची रेषा उसळते. असे दिसले तर स्टिक आणण्यात अर्थ आहे. मात्र ती टाकल्यावर फ्रेमचा सरासरी आकडा दुप्पट होईल अशी आशा धरू नये. सरासरी थोडीच वाढते, पण मधले खड्डे भरून निघतात. सरासरी ५५ फ्रेम मिळत असताना अधूनमधून १२ वर कोसळणारा गेम आता ४० च्या खाली जात नसेल, तर हाताला तो अगदी वेगळा लागतो.

दुसरा फायदा दोन स्टिक असण्याचा आहे. एकच स्टिक असेल तर प्रोसेसर एकाच वाटेने रॅमशी बोलतो. डीडीआर४ ३२०० च्या रॅममध्ये ती वाट सेकंदाला २५.६ जीबीची असते. दुसऱ्या स्लॉटमध्ये जोडीची स्टिक आली की ती ५१.२ जीबी होते. 'व्हॅलोरंट' सारख्या खेळांत ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर भार जास्त असतो, तिथे हा फरक फ्रेममध्येही दिसतो. म्हणून आधीची ८ जीबीची स्टिक काढून एकच १६ जीबीची बसवण्यापेक्षा तिच्या जोडीला आणखी ८ जीबीची आणणे स्वस्त पडते आणि गेमसाठी चांगलेही ठरते.

३२ किंवा ६४ जीबी घेतली तर आणखी पाच वर्षे?

४ जीबीच्या कार्डाला नाही. त्या कार्डावर जे गेम चालू शकतात त्यांना १६ जीबी रॅम सहसा पुरते. त्यापुढची रॅम व्हिडिओ एडिटिंगला कामी येईल, गेममध्ये ती रिकामी बसून राहील. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भावही खूप चढले आहेत. चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळले आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशल या नावाखालची किरकोळ ग्राहकांची विक्री बंद करण्याचे जाहीर केले. 'पुढे कधीतरी स्वस्तात वाढवू' हा हिशेब त्यामुळे आता भरवशाचा राहिलेला नाही, आणि गरज नसलेली रॅम घेऊन ठेवणे तर सरळ तोट्याचे आहे.

वेगवान एसएसडीने फ्रेम वाढतात, हा समज

गेम एकदा रॅममध्ये उतरला की चित्र काढण्याचे काम प्रोसेसर आणि कार्ड करतात, एसएसडीला त्यात फारसे काम नसते. लॅपटॉपमध्ये आधीच एनव्हीएमई एसएसडी असेल तर दुप्पट वेगाची आणून लोडिंगचे एखाद-दोन सेकंद वाचतील, एवढेच. जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्यास मात्र फार मोठा फरक पडतो. 'सायबरपंक' आणि 'स्टारफिल्ड' या दोन्ही गेमना आता किमान गरज म्हणूनच एसएसडी लागते.

दुसऱ्या एम.२ स्लॉटचा खरा उपयोग जागेसाठी आहे. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. 'स्टारफिल्ड' चे १२५ आणि 'सायबरपंक' चे ७० जीबी गेले, विंडोज, कॉलेजची सॉफ्टवेअर आणि फोटोंनी शंभर-सव्वाशे घेतले, की दीडेकशे जीबीच उरते. त्यात आणखी एक मोठा गेम आला की एसएसडी काठोकाठ भरते, पेजफाइलला आणि अपडेटना जागा उरत नाही आणि सगळाच लॅपटॉप रेंगाळतो. १ टीबीची साधी जेन ३ एसएसडी दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून स्टीमच्या `Storage` मधून गेम तिकडे हलवले की हा प्रश्न संपतो. महागडी जेन ४ एसएसडी जेन ३ च्या स्लॉटमध्ये बसते, पण चालते जेन ३ च्याच वेगाने.

"स्लॉट आहे" म्हणजे नेमके काय आहे?

विकत घेण्याआधी आपल्या मॉडेलचे पूर्ण नाव, म्हणजे लॅपटॉपच्या पाठीवर छापलेला क्रमांक, घालून कंपनीचे मॅन्युअल पाहावे. त्याच मालिकेत एका वर्षी दोन स्लॉट असतात, तर दुसऱ्या वर्षी अर्धी रॅम बोर्डावर डागलेली असते. असूसच्या झेफिरस जी १४ मध्ये २०२३ पर्यंत डागलेल्या रॅमसोबत एक स्लॉट होता. २०२४ च्या मॉडेलमध्ये तोही गेला. दुसरा एम.२ स्लॉट काही लॅपटॉपमध्ये कमी लांबीच्या एसएसडीसाठीच असतो, तेही मॅन्युअलमध्येच कळते. आत कोणती स्टिक आहे हे पॉवरशेलमध्ये असे पाहता येते:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory |
  Select DeviceLocator, Capacity, Speed, PartNumber
```

एकच ओळ आली तर एकच स्टिक आहे. `PartNumber` चा फोटो काढून दुकानात दाखवला तर चुकीची रॅम गळ्यात पडत नाही. डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. वेगवेगळ्या वेगाच्या दोन स्टिक लावल्या तर दोन्ही संथ स्टिकच्या वेगाने चालतात. वॉरंटी बाकी असेल तर झाकण स्वतः उघडलेले चालते का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून ईमेलवर विचारून घ्यावे.

झाकण उघडलेच तर सगळ्यात आधी बॅटरीची वायर सुटी करावी, आणि स्टिक बसवण्याआधी पंख्यांकडे बघावे. रस्त्यालगतच्या किंवा बांधकामाशेजारच्या घरांत दोन-तीन वर्षांत पंख्याच्या तोंडाशी धुळीची जाड गादी तयार होते. लॅपटॉप पहिली दहा-पंधरा मिनिटे व्यवस्थित खेळतो आणि मग फ्रेम घसरत जाऊन खालीच राहतात, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा तीच उष्णता असते. चिप स्वतःला वाचवायला वेग उतरवते, आणि तेव्हा रॅम टाकूनही लक्षण तसेच राहते. धूळ काढून प्रोसेसर आणि कार्डावरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलायला नव्या स्टिकपेक्षा कमी खर्च येतो. पावसाळ्यात हे काम कोरड्या खोलीतच करावे. बॅटरी फुगलेली दिसली, म्हणजे टचपॅड वर उचलला गेला असेल, तर गेम खेळणे थांबवून आधी ती बदलावी.

या सगळ्यातून ४ जीबी कार्डाच्या लॅपटॉपला काय मिळते? ८ ची १६ जीबी रॅम, जागेसाठी दुसरी एसएसडी आणि साफ केलेले पंखे एवढे केले तर 'व्हॅलोरंट' सारखे स्पर्धेचे खेळ आणि २०२३ पर्यंतचे बरेच मोठे गेम कमी-मध्यम सेटिंगवर आणखी दोनेक वर्षे नीट खेळता येतील असा माझा अंदाज आहे. सेटिंगमध्ये एफएसआर चालू केले तर आणखी थोडी ओढ मिळते, कारण ते या कार्डावरही चालते; एनव्हिडियाच्याच डीएलएसएसला मात्र आरटीएक्स कार्ड लागते. नवा लॅपटॉप घेणाऱ्याने बजेट ताणायचेच असेल तर ते ग्राफिक्स कार्डासाठी ताणावे. ४ किंवा ६ ऐवजी ८ जीबीचे कार्ड आणि सुरुवातीला १६ जीबी रॅम, पण ती पुढे बदलता येईल असे दोन स्लॉट, अशी जोडी ३२ जीबी रॅम आणि लहान कार्ड यापेक्षा जास्त वर्षे टिकते.

जुना लॅपटॉप निवृत्त होईल तेव्हा आज घेतलेली एम.२ एसएसडी नव्यातही बसू शकेल, किंवा यूएसबीच्या डबीत घालून बाहेरून लावता येईल. डीडीआर४ ची स्टिक मात्र डीडीआर५ च्या नव्या लॅपटॉपमध्ये जाणार नाही, म्हणून दोन्हींपैकी एकावरच खर्च झेपत असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या खाली दिसत असेल, तर आधी एसएसडी घ्यावी.