लाख वेळा वाकणारी पट्टी

धातूची पट्टी एकदा वाकवून सोडली तर ती सरळ होते आणि तिला काही झालेले दिसत नाही. तेवढीच ती लाखो वेळा वाकवली, तर पृष्ठभागावरच्या एखाद्या बारीक ओरखड्यापासून तडा सुरू होतो, आत सरकतो आणि शेवटी पट्टी तुटते. हाच धातूचा थकवा. तो मोजण्याचे छोटे यंत्र टेबलावर मावते. पट्टीचे एक टोक शिकंज्यात घट्ट धरलेले असते. दुसरे टोक एका दांड्याने मोटरवरच्या एक्सेंट्रिक चकतीला, म्हणजे मध्य आसाच्या बाजूला सरकवलेल्या चकतीला जोडलेले असते. मध्य ५ मिमी सरकलेला असेल, तर प्रत्येक फेऱ्यात पट्टीचे टोक ५ मिमी वर आणि ५ मिमी खाली जाते.

२ मिमी जाड आणि शिकंज्यापासून दांड्यापर्यंत १०० मिमी लांब अॅल्युमिनियमची पट्टी घेतली, तर शिकंज्याजवळचा ताण असा निघतो:

ताण = ३ × E × जाडी × विस्थापन ÷ (२ × लांबी²)

अॅल्युमिनियमचा E सुमारे ७०,००० मेगापास्कल धरला, की उत्तर १०५ मेगापास्कल येते. पण चकती मधोमध नसून पट्टीची सरळ स्थिती १ मिमी चुकलेली असेल, तर एका दिशेला ६ आणि दुसरीकडे ४ मिमी वाकते. मग ताण १२६ आणि ८४ होतो आणि नोंदवहीतला १०५ हा आकडा खोटा ठरतो. म्हणून आधी मोटर हाताने फिरवून दोन्ही टोके मोजणे अत्यावश्यक आहे.

मोजणीसाठी आसावर लोहचुंबक आणि समोर हॉल सेन्सर पुरतो. मिनिटाला ३०० फेरे असतील, तर एक लाख आवर्तनांना साडेपाच तास लागतात. मात्र काउंटर मोटरचे फेरे मोजतो, पट्टीचे आयुष्य नव्हे. पट्टी तुटली तरी मोटर फिरतच राहते. त्यामुळे पट्टीवर बारीक तार चिकटवून, ती तुटताच मोटर बंद होईल अशी जोडणी करतात.

या यंत्राची खरी मर्यादा वेगळीच आहे. एक्सेंट्रिक विस्थापन ठरवतो, भार नाही. तडा वाढला की पट्टी नरम होते, तेवढेच वाकायला कमी जोर लागतो आणि तड्याची वाढ मंदावू शकते. तडा गेलेली पट्टी बराच काळ हलत राहते. दांड्यात लोडसेल बसवून भार, समजा, २० टक्क्यांनी घटला की चाचणी संपली असे धरणे अधिक प्रामाणिक ठरते.

छापलेल्या पीएलए पट्टीच्या बाबतीत वेगही जपावा लागतो. प्लॅस्टिक वाकताना तापते आणि पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. सेकंदाला एक-दोन आवर्तनेच बरी. छपाईचे थर पट्टीच्या लांबीला आडवे असतील, तर तडा त्यांच्या सांध्यातून पटकन जातो. म्हणून थरांची दिशा नोंदवल्याशिवाय त्या आकड्याची दुसऱ्या पट्टीशी तुलना करता येत नाही.