Explainer: विक्री वाढतेय, नफाही आहे, मग कंपनीच्या हातात पैसा का नाही?

मोझरी परिसरात ठिबक सिंचनाचे साहित्य विकणारे एक दुकान आहे, असे समजा. वर्षभरात त्याची विक्री 2 कोटींवरून 3 कोटींवर गेली आणि नफा 20 लाखांवरून 30 लाखांवर. कागदावर सगळे उत्तम. पण ताण कुठे आहे, हे ताळेबंद सांगतो.

उधारीचे दिवस

गिऱ्हाइकांकडची उधारी 40 लाखांवरून 90 लाखांवर गेली. उधारीला विक्रीने भागून 365 ने गुणले, की माल विकल्यावर पैसे यायला किती दिवस लागतात ते कळते. आधी 73 दिवस लागत, आता 110. म्हणजे विक्री वाढली, ती बरीचशी उधारीवर.

मालसाठ्याचे दिवस

इथे साठ्याला विक्रीने नव्हे, तर विकलेल्या मालाच्या खर्चाने भागतात. खर्च 1.6 कोटींवरून 2.4 कोटी झाला आणि साठा 32 लाखांवरून 60 लाख. माल गोदामात 73 ऐवजी 91 दिवस पडून राहू लागला.

अडकलेला पैसा किती?

पुरवठादारांचे देणे 26 लाखांवरून 40 लाख झाले. उधारी आणि साठ्याच्या बेरजेतून ते वजा केले, की खेळते भांडवल मिळते. ते 46 लाखांवरून 1 कोटी 10 लाख झाले. वर्षात 64 लाख जास्तीचे अडकले, नफा मात्र 30 लाखांचाच. उरलेले 34 लाख बँकेकडून आणावे लागणार, आणि त्यावर व्याजही.

जळगावचा धडा

जैन इरिगेशनच्या ठिबक व्यवसायाला हा ताण ओळखीचा आहे. सरकारी अनुदान उशिरा आले, की पैसा अडकतो. त्यामुळे कंपनीने रोखीच्या विक्रीवर भर द्यायला सुरुवात केली. तरीही 2019 मध्ये कर्जाची परतफेड थकली आणि 2022 मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली. कारण एकच नव्हते, कर्जाचा मोठा बोजाही होता. पण अशा बोजाखाली वसुली लांबली, तर श्वास घ्यायला जागा उरत नाही.

तुम्ही कसे तपासाल?

2021-22 पासून कंपन्यांना वार्षिक अहवालात उधारी आणि साठा वर्षात किती वेळा फिरला, हे गुणोत्तर द्यावे लागते. 365 ला त्या आकड्याने भागा, दिवस मिळतील. गुणोत्तर 25 टक्क्यांहून अधिक बदलले, तर कारण देणेही बंधनकारक आहे. ते कारण वाचा. उधारी किती जुनी आहे, याचा तक्ताही अहवालात असतो. सहा महिन्यांहून जुनी रक्कम वाढत असेल, तर सावध व्हा.

एक खबरदारी घ्या. हंगामापूर्वी साठा वाढणे स्वाभाविक आहे. त्यामुळे मार्चची तुलना सप्टेंबरशी नको, मागच्या मार्चशी करा. उलट, मार्चअखेरीस विक्रेत्यांच्या गळ्यात माल मारूनही विक्री फुगवता येते. तेव्हा उधारी वाढते आणि पुढच्या तिमाहीत विक्री घसरते. हे दोन्ही एकत्र दिसले, तर वाढ खरी होती का, हा प्रश्न विचारायलाच हवा.