प्रबंधातला ‘मी’

मराठीत पीएच.डी.चा प्रबंध लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा एक सूचना मिळते : ‘मी’ लिहायचे नाही. मग तो ‘प्रस्तुत संशोधक’ होतो आणि त्याने केलेले सगळे काही ‘करण्यात’ येते. सूचनेमागचा हेतू चांगला आहे. निष्कर्ष पुराव्यावर उभा राहावा, लिहिणाऱ्याच्या आवडीनिवडीवर नव्हे. पण सरसकट पाळली की हीच सूचना पुरावा झाकू लागते.

समजा, एक विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातून साखर कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोड महिलांवर काम करते आहे. संशोधनपद्धतीच्या प्रकरणात ती लिहिते : ‘४० महिलांच्या मुलाखती घेण्यात आल्या.’ वाक्य शुद्ध आहे. पण या मुलाखती तिने स्वतः घेतल्या की मदतनीसाने? कोप्यांवर घेतल्या की फडात? मुकादम जवळ होता का? आता तेच असे लिहून पाहा : ‘मी ४० महिलांशी बोलले. मुकादमाच्या ओळखीने तळावर गेल्यामुळे पहिल्या १५ मुलाखतींच्या वेळी तो जवळच उभा होता. उरलेल्या मी संध्याकाळी, तो नसताना घेतल्या.’ उचलीबद्दल पहिल्या १५ जणी काय म्हणाल्या आणि नंतरच्या २५ जणी काय म्हणाल्या, हे वेगवेगळे तपासले पाहिजे, असे वाचकाला लगेच कळते. ‘घेण्यात आल्या’ लिहूनही ही माहिती देता आली असती. पण त्या वाक्यरचनेत कर्ता लागतच नाही, त्यामुळे तो कुठे उभा होता हे सांगायचे सहज राहून जाते.

एम. एन. श्रीनिवास यांच्या ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ची गोष्ट इथे आठवते. म्हैसूरजवळच्या एका गावात त्यांनी १९४८मध्ये मुक्काम करून काम केले. १९७०मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांच्या तयार टिपणांच्या प्रती जळाल्या आणि १९७६मध्ये आलेले पुस्तक त्यांनी मुख्यतः आठवणीवर लिहिले. ते प्रथमपुरुषी आहे. आपण ब्राह्मण, मुक्काम गावच्या मुख्याच्या जागेत, त्यामुळे दलित आणि मुसलमान वस्तीशी हवा तसा संबंध आला नाही, हे ते सांगतात. त्या गावाचे चित्र कुठे भरवशाचे आणि कुठे अपुरे, हे वाचकाला ठरवता येते ते या ‘मी’मुळे.

मात्र त्याच विद्यार्थिनीच्या निष्कर्षाच्या प्रकरणात ‘मी’ अडचण करतो. ‘मला असे आढळले, की उचल नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला मिळून दिली जाते.’ इथे सांगायची गोष्ट उचलीची आहे. दुसरे कोणी तळावर गेले तरी त्याला हेच दिसेल. तेव्हा ‘उचल एका कोयत्याला मिळून दिली जाते, बाईच्या कामाचा वेगळा हिशेब होत नाही’ हे वाक्य जास्त बळकट आहे. ‘मला आढळले’ जोडले की ठाम वस्तुस्थिती वैयक्तिक अनुभवासारखी वाटू लागते आणि परीक्षक उगाच विचारतो, फक्त तुम्हालाच का? प्रयोगशाळेतल्या कृतीचेही तसेच. द्रावण ८० अंशांपर्यंत तापवले, एवढे पुरते. तापवणारा बदलला म्हणून काही बदलत नाही.

म्हणून प्रत्येक वाक्यापाशी एकच प्रश्न विचारावा : माझ्या जागी दुसरा संशोधक असता तर हे वाक्य बदलले असते का? गावे कोणती निवडली, कोणाला वगळले, ‘कर्जबाजारी’ कोणाला म्हणायचे, इथे उत्तर ‘हो’ येते; तिथे ‘मी’ हवा. एकापेक्षा जास्त लेखक असतील तर ‘आम्ही’. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३चा लेख ‘आम्ही’नेच सुरू होतो, तेव्हा प्रथमपुरुष विज्ञानाला चालत नाही हा समज खरा नाही. एकट्याने लिहिताना मात्र आदरार्थी ‘आम्ही’ टाळावे, कारण काम किती जणांनी केले याचा घोळ होतो.

एका प्रकारच्या वाक्याला मात्र दोन्ही शैली वाचवू शकत नाहीत. ‘ऊसतोड महिला शिक्षणाबाबत उदासीन असतात असे मानले जाते.’ कोण मानते? कारखान्याचे अधिकारी, शिक्षक, की आधीचा एखादा अभ्यास? हे मत स्वतः लेखिकेचे असेल तर ‘माझ्या मते’ लिहून कारण द्यावे; दुसऱ्याचे असेल तर नाव द्यावे. कर्ता पुसणाऱ्या भाषेचा सगळ्यात मोठा तोटा मला इथे दिसतो. पुरावा नसलेले मत सर्वमान्य सत्याच्या वेशात प्रबंधात शिरते आणि पुढचा विद्यार्थी तेच संदर्भ म्हणून उतरवून घेतो.

समाजशास्त्रांत जगभर वापरल्या जाणाऱ्या एपीए या लेखनसंहितेनेही स्वतः केलेल्या कामासाठी प्रथमपुरुष वापरण्याची शिफारस केली आहे. मराठी विभागांतल्या मार्गदर्शकांना म्हणूनच विनंती आहे : विद्यार्थ्याचा ‘मी’ लाल शाईने खोडण्यापूर्वी तो कोणत्या प्रकरणात आला आहे ते पाहा. संशोधनपद्धतीच्या प्रकरणात असेल तर तो राहू द्या, आणि ‘असे मानले जाते’ दिसेल तिथे ती शाई जरूर वापरा.