तेलातून धूर आला की…

तेल तापत गेलं की एका तापमानाला त्यातून निळसर धूर सलग निघू लागतो. हा त्या तेलाचा स्मोक पॉइंट. इथे तेल विघटित व्हायला लागतं आणि ॲक्रोलिन हा डोळ्यांना झोंबणारा घटक तयार होतो. पदार्थाला कडवट वास लागतो तोही इथूनच.

गैरसमज : धूर आल्याशिवाय फोडणी बसत नाही.
वस्तुस्थिती : मोहरी तडतडते ती तिच्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन. रिफाइंड शेंगदाणा तेलाचा स्मोक पॉइंट साधारण २३० अंश सेल्सिअस असतो. मोहरी त्याच्या बरीच आधी फुटते. मोहरीचा एक दाणा टाकून पाहावा, तो लगेच तडतडला की तेल तयार. धूर निघालेल्या तेलात हिंग-हळद करपते.

बंगाल-बिहारकडे मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवतात, ते त्याचा उग्रपणा कमी करण्यासाठी. शेंगदाणा तेलाला त्याची गरज नाही.

गैरसमज : घाण्याचं तेल तळणालाही सर्वांत चांगलं.
वस्तुस्थिती : घाण्याच्या तेलात बियांचे बारीक कण आणि मुक्त मेदाम्लं राहतात. त्याला छान वास येतो, पण या घटकांमुळे ते धूरही लवकर धरतं. शेंगदाण्याचं असं तेल १६० अंशांच्या आसपासच धुरावू शकतं आणि चकल्या-पुऱ्यांना तर साधारण १७० ते १८० अंश लागतात. रिफाइंड करताना हे घटक निघून जातात, म्हणून त्याच दाण्याचं तेल जास्त उष्णता सोसतं.

घाण्याच्या तेलाचा स्वाद कमी आचेच्या फोडणीत किंवा ते कच्चं खाताना खुलतो. काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरीवर चमचाभर कच्चं तिळाचं तेल घालावं. जवसाचं तेल तर तापवूच नये. ते फार लवकर खवटतं.

गैरसमज : स्मोक पॉइंट जास्त, म्हणजे तेल तळणाला उत्तमच.
वस्तुस्थिती : रिफाइंड सूर्यफूल तेल सव्वादोनशे अंशांपर्यंत सहज जातं. पण नेहमीच्या सूर्यफूल तेलात बहुअसंतृप्त मेदाम्लं भरपूर असतात, आणि धूर दिसत नसला तरी गरम तेलात हवेशी संयोग होऊन ती बिघडत जातात. दिवाळीच्या फराळासारख्या लांबणाऱ्या तळणाला रिफाइंड शेंगदाणा तेल अधिक टिकाऊ.

गैरसमज : तळण गाळून घेतलं की ते नव्यासारखं होतं.
वस्तुस्थिती : गाळल्याने जळलेले कण निघतात, बिघडलेलं तेल सुधारत नाही. दर तळणागणिक स्मोक पॉइंट खाली येतो. बिघडलेल्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांवर एफएसएसएआयने २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरात ती मोजता येत नाही, पण खुणा दिसतात : तेल चिकट आणि काळपट होतं, वर आलेला फेस बसत नाही, नेहमीच्याच आचेवर लवकर धूर येतो. असं तेल टाकून द्यावं. त्यात नवं ओतलं तर नवंही लवकर बिघडतं. एकदाच वापरलेलं, स्वच्छ वासाचं तळण मात्र गाळून, झाकून ठेवावं आणि दोन-तीन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीत संपवावं.